आजीला साल विचारू नका: बारा बैठकांच्या मुलाखतीतून काळ कसा ठरवायचा

घरातल्या आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीलाच विचारतो, "आजी, तुझा जन्म कोणत्या सालचा?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याने सुरुवात करू नका. माझ्या आजीच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९४८ ही तारीख आहे. तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७० आहे. गावातल्या शाळेचं जुनं रजिस्टर कधी उघडलंत तर १ जूनला जन्मलेल्या मुलांची रांगच दिसेल. शाळा जूनमध्ये भरायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी हिशेबाला सोयीची म्हणून ती टाकायचे. आधारवरची १ जानेवारी बहुतेकदा याच जातीची: साल अंदाजाने, दिवस ठरावीक.

म्हणजे साल विचारलं की दोनपैकी एक गोष्ट होते. आजी कागदावरचा आकडा सांगते, किंवा "आम्हा अडाण्याला काय ठावं" म्हणून गप्प बसते. दोन्हीकडून तुमच्या हाती काही लागत नाही. पण आजीला काळ आठवतच नाही असं नाही. तो तिने सालाने मोजलेला नसतो, इतकंच. या लेखात तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल सांगणार आहे: सालं नसलेल्या आठवणींचा क्रम कसा लावायचा, त्यासाठी प्रश्न कसे आखायचे, आणि क्रम जुळला नाही की काय करायचं. उदाहरण माझ्या आजीचंच आहे. ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. आजोबा मुंबईला गिरणीत, आजी गावाकडे शेत आणि घर बघायची. पाच महिन्यांत आमच्या बारा बैठका झाल्या.

आधी खुंट्या ठोका

पहिल्या बैठकीच्या आधी वहीच्या एका पानावर अशा सार्वजनिक घटना लिहून काढा, ज्यांची तारीख पक्की आहे आणि ज्या तुमच्या आजीच्या गावापर्यंत नक्की पोचल्या होत्या. मी त्यांना खुंट्या म्हणते, कारण बाकीच्या आठवणी त्यांवर टांगता येतात. माझी यादी अशी होती: १ एप्रिल १९५७, आणे जाऊन नवे पैसे आले. ११ डिसेंबर १९६७, पहाटे कोयनेचा भूकंप. १९७२-७३, दुष्काळ. ११ जुलै १९७९, स्कायलॅब पडणार म्हणून गावोगाव उडालेली घाबरगुंडी. १८ जानेवारी १९८२, मुंबईतला गिरणी संप. ३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या.

तुमची यादी वेगळी असेल. पुण्यात १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर हवाच, मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप हवा. पाच-सहा खुंट्या पुरतात. एकच अट: घटना अंगावर आलेली असावी. १ मे १९६० ही तारीख आपल्याला शाळेत पाठ करून घेतली, पण माझ्या आजीला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. भूकंपाच्या रात्री मात्र कोण कुठे झोपलं होतं तेही आठवतं.

आता "केव्हा" हा शब्द बाजूला ठेवा आणि "आधी की नंतर" विचारा. आजीच्या लग्नाचं साल आम्ही असंच काढलं. "भूकंप झाला तेव्हा तू माहेरी होतीस की सासरी?" सासरी. "नवीन होतीस का?" व्हय, चुलीजवळ एकटीला बसायची भीती वाटायची इतकी नवीन. "पहिला दिवाळसण झाला होता?" झाला होता, माहेराहून परत येऊन थोडेच दिवस झाले होते. १९६७ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती आणि भूकंप डिसेंबरात. म्हणजे लग्न १९६६ आणि १९६७ या दोन दिवाळ्यांच्या मधलं. आजी म्हणते, उन्हं तापलेली होती, मांडवात पाणी पुरलं नाही. म्हणून १९६७चा उन्हाळा. लग्नात तिला "सोळावं लागलं हुतं". हे धरलं तर जन्म १९५१च्या आसपास येतो, आधारपेक्षा तीन वर्षं अलीकडे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. लग्नाचं साल भूकंपावर टेकलेलं आहे, म्हणून ते मी विश्वासाने लिहिते. जन्माचं साल "सोळावं" या शब्दावर टेकलेलं आहे, आणि त्या काळी लग्नात मुलीचं वय सोयीने सांगितलं जायचं. म्हणून त्यापुढे मी "अंदाजे" लिहिते. कोणता आकडा कशावर उभा आहे हे प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी नोंदवलं नाही, तर चार महिन्यांनी सगळे आकडे सारखेच पक्के वाटायला लागतात.

बैठकांची आखणी

पहिल्या बैठकीत मी एकही मोठा प्रश्न विचारला नाही. आजीसमोर कागद ठेवला आणि सासरच्या जुन्या घराचा नकाशा काढायला लावला: उंबरा ओलांडला की काय, चूल कुठे, जात्याची जागा कुठली, गोठा कुठल्या अंगाला. ती बोटाने दाखवत गेली, मी रेघा मारल्या. हा नकाशा पुढे सगळीकडे उपयोगी पडतो, कारण नंतर "तेव्हा तू कुठे बसली होतीस?" असं विचारलं की उत्तर जागेवरून सुरू होतं आणि माणूस आपोआप त्या घरात जातो. दुसऱ्या बैठकीत घरातली माणसं आणि जनावरं. जनावरं विसरू नका. "ती तांबडी गाय होती तेव्हाची गोष्ट" हे आजीचं कॅलेंडर आहे.

तिसरीपासून दहावीपर्यंत विषय: लग्न, दुष्काळ, आजोबांची मुंबई, माहेर, भाकरी, बाळंतपणं. शेवटच्या दोन बैठका लिहिलेलं वाचून दाखवायला राखून ठेवल्या. एक बैठक पाऊण तास ते तास, त्याहून जास्त नाही. तासाभराचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे, म्हणून आठवड्याला एकच बैठक. मागची बैठक उतरवून झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही हा नियम मी पाळला, कारण पुढचे प्रश्न त्या उतरवण्यातूनच सुचतात. फोन विमान मोडवर, पंखा बंद, आणि सुरुवातीला मोठ्याने तारीख, जागा आणि कोण बसलंय ते बोलायचं. फाइलचं नाव `aaji_04.wav` असं साधं, क्रमाने.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम आखली होती: दुष्काळाबद्दल दोनदा विचारायचं, मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या दारातून शिरायचं. माझं शिक्षण रसायनशास्त्रातलं. प्रयोगशाळेत आपण एका वाचनावर विसंबत नाही, पुन्हा घेतो. पण इथे एक मोठा फरक आहे. तिथे दोन वाचनं वेगळी आली तर आपण सरासरी काढतो. आजीच्या दोन सांगण्यांची सरासरी काढता येत नाही. ती वेगळी का आली हेच शोधायचं असतं.

दोन सांगणी जुळली नाहीत तेव्हा

चौथ्या बैठकीत आजीने बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलं. सरकारने कामं काढली होती, खडी फोडायची, ताली घालायच्या, रस्ते, पाझर तलाव. त्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं अशा कामांवर होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आजीच्या बोलण्यात मात्र हातोडी होती, हाताला बांधलेली रबराची पट्टी होती, मिलोच्या तांबड्या भाकरी होत्या. आणि हे वाक्य: "तुझा बा पोटात हुता तवा. पोट सावरत खडी फोडायचो आमी."

तीन आठवड्यांनी सातव्या बैठकीचा विषय भाकरी होता. वर्षभर काय काय खाल्लं जायचं असं विचारता विचारता ती कामावर मिळणाऱ्या सुकडीवर आली. "तुझ्या बाला लई आवडायची. वाटीत पाणी घालून कालवून द्यायचे, तर बोटं चाटत बसायचा. पदर धरून चालायचा माझा कामावर."

पोटात आणि पदराला, दोन्ही एका वेळी शक्य नाही. अशा वेळी तिथल्या तिथे "आजी, मागच्या वेळी तर तू वेगळं सांगितलंस" असं म्हणू नका. त्याने सांगणारा माणूस सावध होतो आणि पुढे तुम्हाला जुळेल असंच सांगू लागतो. मी वहीत दोन्ही वाक्यं समोरासमोर लिहिली आणि आधी कागद पाहिले.

वडिलांच्या दाखल्यावर दोन तारखा आहेत. जन्मतारीख, १ जून १९७०, जी घरच्यांच्या अंदाजाने लिहिलेली. आणि शाळेत दाखल केल्याची तारीख, जून १९७६, जी गुरुजींनी त्या दिवशी समोर मुलगा उभा असताना लिहिलेली. कागद एकच, पण दोन तारखांची किंमत सारखी नाही. पहिली वर्षभर इकडेतिकडे असू शकते. दुसरी बहुधा बरोबर आहे. दुष्काळी कामं जोरात होती ती १९७२चा हिवाळा ते १९७३चा पावसाळा या काळात. त्या वेळी वडील पोटात असते तर १९७६च्या जूनमध्ये ते तीन वर्षांचे असते, आणि तीन वर्षांच्या पोराला पहिलीत कुणी घेत नाही. म्हणजे पदर धरून चालणारं सांगणं खरं. मग पोटात कोण होतं?

आठव्या बैठकीसाठी मी प्रश्नांचा क्रम असा लावला:

१. कामावर जायला घरातून केव्हा निघायचीस, वाटेत काय लागायचं?
२. खडीच्या ढिगाजवळ तुझी बसायची जागा कुठली? शेजारी कोण?
३. पोरांना घेऊन येणाऱ्या बायका पोरांना कुठे ठेवायच्या?
४. बाबा कुठे असायचा?
५. पाऊस आला त्या दिवशी घरात कोण कोण होतं?

यात "तू गरोदर होतीस का" हा प्रश्न कुठेच नाही. तो विचारला असता तर उत्तर मीच तिच्या तोंडी घातल्यासारखं झालं असतं. पहिले दोन प्रश्न जागेचे, तिसरा इतरांबद्दलचा, चौथा तिचा. जड गोष्टीकडे जायचं तर असंच, बाहेरून आत.

चौथ्या प्रश्नावर आजी म्हणाली, "संगंच. एक हाताला, एक पोटात." मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मुलाखतीत गप्प बसणं हे काम आहे आणि ते शिकावं लागतं. आपल्याला पाच सेकंदही लांब वाटतात. त्या ध्वनिमुद्रणात ती शांतता जवळजवळ दीड मिनिटाची आहे. नंतर तिने सांगितलं. मुलगी होती. पाऊस लागल्यावर झाली. बारसं झालं, नाव ठेवलं. दिवाळीला नव्हती. "दूधच न्हवतं गं अंगावर." एवढं झाल्यावर ती म्हणाली, "बंद कर ते." मी बंद केलं, आणि त्या दिवसाचे राहिलेले प्रश्न पुन्हा कधी विचारले नाहीत. नवव्या बैठकीत तिनेच विषय काढला तेव्हा फक्त ऐकलं.

माझ्या वडिलांना बहीण होती हे पन्नास वर्षं घरात कुणी बोललं नव्हतं. वडिलांनाही माहीत नव्हतं.

पडताळा कसा घ्यायचा

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न येतो: याला दुसरा आधार आहे का? गावच्या जन्म-मृत्यू नोंदींत मी पाहिलं, त्या मुलीची नोंद नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही. घरी जन्मलेली आणि काही महिन्यांत गेलेली बाळं तेव्हा कित्येकदा कागदावर यायचीच नाहीत. नोंद नसणं आणि घटना नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मार्ग माणसाचा. आजीची धाकटी जाऊ, माझी चुलत आजी, त्या वेळी त्याच घरात होती. पण तिला "आजीला मुलगी झाली होती का" असं विचारणं म्हणजे एकीने विश्वासाने सांगितलेलं दुसरीपुढे उघडं करणं, शिवाय उत्तरही सुचवणं. मी आधी आजीला विचारलं, धाकट्या आजीशी दुष्काळाबद्दल बोलू का. ती हो म्हणाल्यावर तिच्याशी वेगळी बैठक घेतली आणि तोच साधा प्रश्न विचारला: "पाऊस आला त्या साली घरात लेकरं किती होती?" तिने बोटं मोजत चार सांगितली, चारही नावं घेतली. त्यातलं एक नाव मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलं होतं.

मग चौथ्या बैठकीत आजीने ते पोट माझ्या वडिलांच्या नावावर का घातलं? इथे मला इटलीतल्या तेर्नी गावचं एक उदाहरण उपयोगी पडलं. तिथला लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने अनेक वर्षांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कित्येकांनी हा मृत्यू १९५३ सालच्या, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडला असं सांगितलं. पोर्तेल्लीने ही चूक खोडली नाही. कामगारांच्या आयुष्यात कपातीचा लढा मोठा होता, म्हणून त्यांच्या आठवणीने तो मृत्यू त्या लढ्यापाशी नेऊन ठेवला, असं त्याने दाखवलं. तारीख चुकली होती, पण ती का चुकली यातून त्या माणसांबद्दल जे कळलं ते बरोबर तारखेतून कळलं नसतं.

आजीबद्दल माझा अंदाज असा: दुष्काळातलं बाळंतपण ती विसरू शकत नव्हती आणि सांगूही शकत नव्हती, म्हणून जगलेल्या मुलाच्या नावावर ते सांगता येत होतं. पण हा माझा अंदाज आहे, आजीचं म्हणणं नव्हे. तिला मी तो विचारलेला नाही. वहीत म्हणूनच तीन रंग ठेवा: तिचे शब्द एका, कागद आणि इतरांची साक्ष दुसऱ्या, तुमचा तर्क तिसऱ्या. लिहितानाही हे तीन थर वाचकाला वेगळे दिसले पाहिजेत.

आठवणींचं पुस्तक कसं रचायचं

पहिला आराखडा सगळेच करतात तसा होता: जन्म, बालपण, लग्न, मुलं, म्हातारपण. उतरवलेली पानं मोजल्यावर तो मोडला. दोन-तृतीयांश मजकूर आजीच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधला निघाला. हे फक्त तिचं नाही. उतारवयातल्या माणसांच्या आठवणी याच वयाच्या आसपास दाट असतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून मी प्रकरणं खुंट्यांवर बांधली: भूकंप, दुष्काळ, आजोबांच्या मनीऑर्डरी आणि संप. प्रत्येक प्रकरण पक्क्या तारखेपासून सुरू होतं आणि मग आजीच्या आधी-नंतरने मागेपुढे जातं. नंतरची चाळीस वर्षं एका छोट्या प्रकरणात मावली, आणि ती ओढूनताणून लांबवली नाहीत.

मुलीची गोष्ट कुठे ठेवायची हा खरा प्रश्न होता. शेवटी ठेवली असती तर तिचं रहस्य झालं असतं. ती दुष्काळाच्या प्रकरणात, तिच्या जागी आहे. तिथे आधी चौथ्या बैठकीतलं वाक्य जसंच्या तसं आहे, मग सातव्यातलं, मग आठव्यातलं. चौथं वाक्य काढून टाकलं असतं तर मजकूर सरळ झाला असता, पण आजीने पन्नास वर्षं ती गोष्ट कशी सांभाळली हे त्यातून निघून गेलं असतं.

अकराव्या बैठकीत हे प्रकरण आजीला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून "संमती आहे" असं लिहिलेल्या कागदावर अंगठा घेण्याला काही अर्थ नव्हता. प्रत्येक पान ऐकून ती "ऱ्हाऊ दे" किंवा "काढ" म्हणाली. तिने दोन अटी घातल्या. मुलीचं नाव घरच्या प्रतीतच राहील, बाहेर जाणार नाही. आणि वडिलांना ती स्वतः सांगेल, त्याआधी कुणाला वाचायला द्यायचं नाही. त्यात दोन महिने गेले, तेवढे दिवस पानं माझ्या कपाटात होती. हा लेखही तिला वाचून दाखवल्यानंतरच इथे आला आहे.

तारखेचं तेवढं राहिलं. पाऊस लागल्यावर जन्म, दिवाळीच्या आत मृत्यू, एवढंच हाती आहे. म्हणून पुस्तकात "१९७३च्या पावसाळ्यात" असं लिहिलंय, आणि खाली ते कशावरून ठरवलं ते. १ जून लावली नाही.